जड असेम्ब्ली हलकी करताना

आमच्या कन्व्हेयर लाइनची मुख्य असेम्ब्ली सॉलिडवर्क्समध्ये उघडायला टाकली की अकरा मिनिटं लागायची. उघडली तरी सुख नव्हतं. मॉडेल फिरवायला गेलं की माऊस पुढे आणि चित्र मागे. फ्रेमचं एखादं माप बदललं तर दीड मिनिट नुसतं कर्सरचं चक्र बघत बसायचं. साडेचार हजारांच्या आसपास कॉम्पोनंट, त्यात १४ गिअरमोटर, ९ जाळीचे गार्ड आणि हजारभर नटबोल्ट. रॅम वाढवून झाली होती, ग्राफिक्स कार्डही बरं होतं. टीममधला ज्युनिअर म्हणाला, "सर, लाइटवेटमध्ये उघडू या, सगळं सुटेल." सुटलं, पण अर्धंच. उरलेलं का सुटलं नाही आणि मग काय केलं, ते लिहितोय, कारण लाइटवेटवर थांबणारी माणसं मी बरीच बघितली आहेत.

सुरुवात `Performance Evaluation` पासून केली. हे टूल `Evaluate` टॅबवर असतं. असेम्ब्ली उघडून ते चालवलं की कोणता पार्ट उघडायला किती वेळ घेतो, कोणाचे त्रिकोण किती आहेत आणि रिबिल्डमध्ये वेळ कुठे जातो, हे वेगवेगळं दिसतं. हे वेगवेगळं दिसणंच महत्त्वाचं, कारण आपण "असेम्ब्ली स्लो आहे" म्हणतो त्यात तीन वेगळी दुखणी एकत्र झालेली असतात. फाइल उघडताना डिस्कवरून सगळे पार्ट वाचून मेमरीत आणावे लागतात. फिरवताना ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पुन्हापुन्हा काढावे लागतात. बदल केल्यावर मेट्स आणि फीचर्सचं गणित नव्याने होतं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडतंच असं नाही.

आमच्याकडे एकूण त्रिकोण निघाले ३.४ कोटी. त्यातले जवळपास १.६ कोटी फक्त बोल्टचे. हा आकडा बघून कोणाचाच विश्वास बसेना. मग एक एम८ बोल्ट सुटा उघडून बघितला. कोणीतरी डाउनलोड केलेल्या त्या बोल्टवर आटे खरोखर कापलेले होते, हेलिक्सवर स्वीप कट मारून. त्या एका बोल्टचे १४ हजारांवर त्रिकोण. असे अकराशे बोल्ट. सबंध मशीनच्या फ्रेमपेक्षा बोल्टच जास्त भारी!

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्याच फाइली सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेल्या होत्या. अशी फाइल उघडताना प्रत्येक वेळी नव्या आवृत्तीत बदलून घ्यावी लागते, आणि कोणी ती सेव्ह केली नाही तर दुसऱ्या दिवशी तेच काम परत. त्या फाइली एकदा उघडून, रिबिल्ड करून सेव्ह करून टाकल्या. काम कंटाळवाणं, पण फुकटात मिळणारा वेळ होता. रिलीज झालेल्या ड्रॉइंगशी जोडलेल्या फाइली मात्र रिव्हिजनची परवानगी घेतल्याशिवाय सेव्ह करायच्या नाहीत, हे आधीच ठरवून घेतलं.

मग लाइटवेट. उघडण्याच्या डायलॉगमध्ये `Mode` च्या खाली `Lightweight` निवडलं की प्रत्येक पार्टची सगळी माहिती मेमरीत येत नाही. आकार, मेट्ससाठी लागणारे चेहरे-कडा एवढं येतं, फीचर ट्री मागेच राहतो. ट्रीमध्ये पार्टच्या चिन्हावर पीस दिसतं. मेट लावणं, मोजणं, सेक्शन काढणं, वजन बघणं हे सगळं तसंच चालतं. एखाद्या पार्टमध्ये बदल करायचा तर तेवढ्यावर राइट क्लिक करून `Set to Resolved` म्हणायचं. अकरा मिनिटांवरून आम्ही चारवर आलो. ज्युनिअर खुशीत होता.

फिरवून बघितलं तर चित्र पूर्वीसारखंच अडखळत होतं. तसं होणारच होतं. लाइटवेटमुळे फीचर्सचा इतिहास मेमरीत येत नाही, पण पडद्यावर काढायचे त्रिकोण तेवढेच राहतात. बोल्ट लाइटवेट असला तरी त्याचे आटे पूर्ण दिसतात, म्हणजे पूर्ण काढावे लागतात.

लाइटवेटची आणखी एक बाजू आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. आमचे काही ब्रॅकेट फ्रेमवरून माप घेतात, म्हणजे असेम्ब्लीच्या आतच, दुसऱ्या पार्टच्या संदर्भाने काढलेले आहेत. असा पार्ट लाइटवेट असताना फ्रेम बदलली, तर तो मागे राहू शकतो आणि पडद्यावर जुना आकार दिसत राहतो. यासाठी ऑप्शन्समध्ये `Check out-of-date lightweight components` अशी नोंद आहे. तिथे `Indicate` ठेवलं की मागे पडलेल्या पार्टचं पीस लाल दिसतं. `Always resolve` ठेवलं तर असे पार्ट आपोआप पूर्ण उघडतात, पण मग लाइटवेटचा फायदा थोडा कमी होतो. आम्ही `Indicate` ठेवलं आणि लाल पीस दिसलं की तेवढ्याच पार्टला रिझॉल्व्ह करायचं असं ठरवलं.

खरं काम पुढे होतं, आणि ते पार्टच्या आत होतं.

बोल्टचा प्रश्न सगळ्यात सोपा निघाला. स्वीप कट काढून त्याजागी कॉस्मेटिक थ्रेड दिला. ड्रॉइंगमध्ये आट्यांची खूण तशीच येते, आकारात मात्र साधा दंडगोल राहतो. त्रिकोण १४ हजारांवरून सातशेच्या घरात. पार्टची फाइल तीच, फक्त फीचर बदललं, त्यामुळे डोक्याखालचा चेहरा आणि दांड्याचा दंडगोल तसेच राहिले आणि त्यावर लावलेले मेट्स टिकले. स्वीप कट डिलीट करण्याआधी बोल्टचे मेट्स आट्याच्या चेहऱ्यावर कोणी लावलेले नाहीत ना, हे तेवढं बघून घेतलं. काही ठिकाणी लावलेले होते. ते आधी दांड्यावर हलवले.

आता जाळीचे गार्ड. पत्र्यावर फिल पॅटर्नने सुमारे २,४०० भोकं. त्रिकोणांपेक्षा इथे रिबिल्डचा त्रास जास्त होता. गार्ड फ्रेमच्या संदर्भाने काढलेले, त्यामुळे फ्रेमचं माप हललं की नऊच्या नऊ गार्डमध्ये ती भोकं पुन्हा पाडली जात. पार्ट सुटा उघडून तिथेही `Performance Evaluation` चालवलं, तेव्हा फीचरवार वेळ उतरत्या क्रमाने आला आणि पॅटर्न सगळ्यात वर बसलेलं होतं, बाकी सगळ्या फीचर्सचा वेळ मिळून त्याच्या आसपासही नाही. दीड मिनिटाच्या रिबिल्डमधला मोठा हिस्सा हाच. हे न बघता आम्ही मेट्सच्या मागे लागलो असतो, कारण असेम्ब्ली जड म्हटली की मेट्सवर संशय घ्यायची सगळ्यांनाच सवय असते.

इथे पॅटर्न डिलीट करता येत नव्हतं, कारण लेझर कटिंगला जाणाऱ्या डीएक्सएफमध्ये भोकं हवीतच. म्हणून दुसरं कॉन्फिगरेशन. मूळ कॉन्फिगरेशनवर राइट क्लिक करून `Add Derived Configuration` घेतलं, नाव दिलं `Simplified`, आणि त्यात पॅटर्न सप्रेस केलं. दिसायला पत्रा सपाट दिसू नये म्हणून त्यावर जाळीचं अपिअरन्स चढवलं. क्लायंटला दाखवायच्या चित्रात फरक कळतही नाही.

सप्रेस करताना फीचरच्या क्रमाचा प्रश्न येतो. राऊंड, चॅम्फर, कोरलेली अक्षरं ही ट्रीच्या मधोमध असतील आणि पुढचं एखादं फीचर त्यांच्या कडेवर आधारलेलं असेल, तर राऊंड सप्रेस केला की ते पुढचंही सप्रेस होतं. आमच्या एका मोटर बेसमध्ये फिलेटच्या कडेवरून स्केच घेऊन स्लॉट काढला होता. फिलेट घालवला की स्लॉट गायब, स्लॉट गायब तर त्यातला बोल्ट लटकलेला. `Parent/Child` उघडून बघितल्यावर साखळी दिसते. आम्ही स्केचचा संदर्भ मूळ पत्र्याच्या कडेला दिला, फिलेट ट्रीमध्ये शेवटी सरकवला आणि दिखाऊ फीचर्स एका फोल्डरमध्ये घातली. आता पूर्ण फोल्डर एकदम सप्रेस होतो. नव्या पार्टमध्ये हा क्रम पहिल्यापासून पाळला तर एवढी कसरत लागत नाही.

कोणतं फीचर ठेवायचं, यासाठी आमच्यात एकच कसोटी होती: त्या चेहऱ्यावर किंवा कडेवर दुसरा पार्ट बसतो का, किंवा तिथून कोणी माप घेतं का. बाहेरचा आकार आणि जोडणीचे चेहरे हात न लावता ठेवायचे, बाकी जाऊ द्यायचं. बोल्टच्या भोकांबद्दल वाद झाला. बोल्ट त्यांत मेट केलेले असतील तर भोकं ठेवा, नाहीतर बोल्ट आणि भोकं दोन्ही मिळून सप्रेस करा. फक्त भोकं घालवून बोल्ट ठेवले, तर मेट्स चुकीचे म्हणून लाल होतात आणि इंटरफिअरन्स तपासलं की प्रत्येक बोल्ट पत्र्यात घुसलेला दिसतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं गिअरमोटरने. पुरवठादाराची स्टेप फाइल आणली होती. ती उघडली तेव्हा कळलं की आत बेअरिंगचे बॉल, वाइंडिंग, गिअरचे दात, सगळं मॉडेल केलेलं आहे. एकेका मोटरचे पाच लाख त्रिकोण, गुणिले चौदा. आम्हाला हवं होतं ते एवढंच: फ्लँजचा चेहरा, फ्लँजची भोकं, शाफ्ट आणि त्यावरची चावीची खाच, आणि बाहेरचा खरा आकार. टर्मिनल बॉक्सही ठेवायचाच, कारण केबल तिथून निघते आणि गार्ड त्याला घासतो की नाही, हे बघावं लागतं.

मोटरची असेम्ब्ली उघडून `Save As` मध्ये प्रकार पार्ट निवडला आणि `Exterior components` घेतलं. बाहेरून न दिसणारं सगळं गेलं. उरलेल्या पार्टवर `Defeature` चालवून पंख्याच्या आवरणाच्या खाचा आणि बारीक राऊंड भरून टाकले. त्यात जपून ठेवायचे चेहरे आपण निवडू शकतो. फ्लँज आणि शाफ्ट तिथे निवडले. सहा हजार त्रिकोणांवर आलो.

पण बोल्टच्या वेळी आपोआप टिकलेले मेट्स इथे टिकत नाहीत. कॉन्फिगरेशनमध्ये फीचर सप्रेस केलं तर उरलेले चेहरे तेच राहतात. सेव्ह करून वेगळा पार्ट केला की सगळे चेहरे नवे असतात, दिसायला हुबेहूब असले तरी. `Replace Components` केल्यावर प्रत्येक मोटरचे मेट्स तुटले आणि सॉफ्टवेअरने पुन्हा जोडायला एकेक चेहरा विचारला. चौदा मोटरसाठी हे एकदा करणं ठीक, पण पुरवठादाराने मोटर बदलली तर परत तेच. म्हणून नव्या पार्टमध्ये शाफ्टचा एक अक्ष आणि फ्लँजचा एक प्लेन काढून त्यांना नावं दिली आणि मेट्स त्यांच्यावरच लावले. पुढे मोटरच्या आत काहीही बदललं तरी त्याच फाइलमध्ये अक्ष आणि प्लेन जागेवर राहतात.

मोटरचा दुसरा पेच वजनाचा. आतली पोकळी भरल्यामुळे मोटर म्हणजे पोलादाचा ठोकळा झाली. कॅटलॉगमध्ये ३८ किलो, आमच्या मॉडेलमध्ये ६१. गुणिले चौदा म्हणजे सव्वातीनशे किलो फुकटचे. उचलण्याच्या हुकांची जागा याच वजनावरून ठरवणार होतो, तेव्हा `Mass Properties` मध्ये `Override Mass Properties` घेऊन ३८ लिहिलं. नुसतं वजन पुरत नाही, गुरुत्वमध्यही द्यावा लागतो, कारण गिअरबॉक्सची बाजू जड असते. तो पुरवठादाराच्या डेटाशीटवरून घेतला. ही नोंद प्रत्येक कॉन्फिगरेशनची वेगळी असते, त्यामुळे पार्टला दोन कॉन्फिगरेशन असतील तर दोन्हीकडे तपासायची.

यादीचं, म्हणजे बीओएमचं, गणितही कॉन्फिगरेशनमुळे बिघडू शकतं. कॉन्फिगरेशनच्या गुणधर्मात बीओएममध्ये पार्ट नंबर म्हणून काय दिसावं, हे ठरवता येतं. तिथे `Configuration Name` राहिलं तर गार्डचा नंबर चक्क "Simplified" असा छापून येतो आणि खरेदी विभागातून फोन येतो. डिराइव्हड कॉन्फिगरेशनला `Link to Parent Configuration` दिलं की मूळचाच नंबर राहतो. आम्ही हे पहिल्या गार्डवरच करून बघितलं, बीओएम काढून पार्टच्या ओळी तुलना केल्या आणि मगच बाकीच्यांना हात लावला.

शेवटी मुख्य असेम्ब्लीतही `Simplified` नावाचं कॉन्फिगरेशन केलं. त्यात सगळ्या गार्डना, बेसना त्यांचं हलकं कॉन्फिगरेशन दिलं आणि फ्रेमचे नटबोल्ट फोल्डरमध्ये घालून सप्रेस केले. लपवणं आणि सप्रेस करणं यात इथे मोठा फरक आहे. लपवलेला बोल्ट मेमरीत असतो, त्याचे मेट्सही सुटत राहतात, फक्त दिसत नाही. सप्रेस केलेला मेमरीत येत नाही आणि त्याच्या मेट्सचं गणितही थांबतं. पण सप्रेस केलेल्याचं वजनही एकूण वजनातून जातं, बीओएममधूनही तो गळतो. म्हणून वजन आणि यादी नेहमी पूर्ण कॉन्फिगरेशनवरूनच काढायची.

सप्रेस करताना एक पथ्य पाळलं. ज्यावर दुसरे पार्ट टेकलेले आहेत, असं काही सप्रेस करायचं नाही. एक मधला सपोर्ट सप्रेस करून बघितला, तर त्यावर मेट केलेले रोलर मोकळे झाले आणि माऊसने ओढल्यावर कुठेही जायला लागले. बोल्ट हे साखळीच्या टोकाला असतात, त्यांच्यावर कोणी अवलंबून नसतं, म्हणून ते सप्रेस करायला सगळ्यात निर्धोक.

आकडे सांगायचे तर, हलक्या कॉन्फिगरेशनमध्ये लाइटवेट पद्धतीने असेम्ब्ली आता पावणेदोन मिनिटांत उघडते. त्रिकोण पाऊण कोटीच्या आसपास आले, फिरवताना चित्र माऊसबरोबर राहतं. फ्रेम बदलल्यावरचं रिबिल्ड वीस सेकंदांवर. ज्यांना फक्त बघायचंय, मोजायचंय, त्यांच्यासाठी `Large Design Review` आहे, त्यात तर काही सेकंदांत उघडते. उत्पादनाच्या बैठकीला आम्ही तेच वापरतो, बदल करायला बसलो की नेहमीची पद्धत.

ड्रॉइंग रिलीज करण्याआधी मुख्य असेम्ब्ली पूर्ण कॉन्फिगरेशनमध्ये, सगळं रिझॉल्व्ह करून उघडायची, रिबिल्ड करायची आणि इंटरफिअरन्स तिथेच बघायचं. हलक्या मॉडेलवर मोटर आणि गार्डमधलं अंतर बरोबर मिळतं, पण जाळीच्या भोकातून जाणारा सेन्सरचा स्टड पत्र्यात अडकलेला दिसतो. पहिल्या तपासणीत असे खोटे अडथळे बरेच आले आणि त्यांच्या गर्दीत एक खरा अडथळा, टर्मिनल बॉक्स आणि केबल ट्रेचा, लपून बसला होता. पूर्ण कॉन्फिगरेशनवर तो पहिल्याच ओळीत आला.

सेव्हला मात्र अजून वेळ लागतो, उलट थोडा वाढलाच. काही पार्टमध्ये दोन्ही कॉन्फिगरेशनवर `Rebuild/Save Mark` लावलेली होती, म्हणजे प्रत्येक सेव्हला दोन्हींची पूर्ण माहिती फाइलमध्ये लिहिली जात होती. गार्डच्या पूर्ण कॉन्फिगरेशनवरची खूण काढली, तेव्हा फाइली लहान झाल्या. त्याची भरपाई म्हणून रिलीजच्या वेळी पूर्ण कॉन्फिगरेशनवर गेलं की भोकं पुन्हा पाडली जातात आणि थांबावं लागतं. रोज सेव्ह करताना थांबण्यापेक्षा ते परवडतं.